हाँगकाँगसाठी मजकूर: बोली कॅन्टोनीज की पुस्तकी चिनी?

प्रश्न: "आमचं डिलिव्हरीचं ॲप हाँगकाँगमध्ये सुरू होतंय. पार्सलचे मेसेज, एका छोट्या व्हिडिओची सबटायटल्स आणि बसस्टॉपवरची जाहिरात करून घ्यायचीय. ट्रान्सलेशनवाले विचारतायत, कॅन्टोनीज लिहू की रिटन चायनीज? तिथले लोक कॅन्टोनीजच बोलतात ना, मग सगळं त्यातच का नको?"

तिन्हीला एकच उत्तर लावू नका. आपोआप जाणारे पार्सलचे मेसेज पुस्तकी चिनीत ठेवा, जाहिरातीची मोठी ओळ बोलीत आणि खालच्या अटी परत पुस्तकीत, आणि व्हिडिओचं काय ते तो कुठे दिसणार आणि त्यात कोण बोलतंय यावर ठरेल. मी गेली 16 वर्षं हाँगकाँगच्या कंपन्यांसाठी हेच काम करतेय आणि दर वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारते, हे वाक्य कुणाच्या तोंडचं आहे? माणसाच्या तोंडचं असेल तर बोली, आणि कुणाच्याच तोंडचं नसेल, म्हणजे नोटीस, पावती, अट, सूचना असं काही असेल तर पुस्तकी. बाकी सगळं यातूनच निघतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पुस्तकी चिनी म्हणजे मँडरिन, आणि ते हाँगकाँगच्या माणसाला परकं, असं नाहीये. तिथलं मूल पहिलीपासून जे लिहायला शिकतं तेच हे, त्याला म्हणतात स्यू-मिन-यू (書面語), कागदावरची भाषा. तिचे शब्द आणि व्याकरण मँडरिनशी जुळतं हे खरं, पण मूल ती वाचतं कॅन्टोनीज उच्चारांनी, पेपरही तसाच वाचतं, सरकारी पत्रही तसंच. कॅन्टोनीज गाणीसुद्धा बहुतेक याच कागदी भाषेत लिहितात आणि कॅन्टोनीज उच्चारात गातात. घरी, बसमध्ये, भांडताना जे बोलतात ते हाउ-यू (口語), तोंडची भाषा. निबंधात ती उतरली की बाई लाल पेनाने गोल करतात, आणि त्याच मुलाच्या व्हॉट्सॲपवर मात्र दिवसभर तीच चालते. म्हणजे एकाच माणसाच्या दोन्ही भाषा आहेत, फक्त कुठे कुठली शोभते हे त्याला लहानपणापासून पक्कं माहीत असतं, आणि आपण बाहेरचे तिथेच चुकतो.

हा फरक प्रमाण मराठी आणि गावाकडची मराठी एवढाच धरू नका. आपल्याकडे 'जात आहे'चं 'जातोय' होतं, मूळ शब्द ओळखू येतो. इथे अगदी रोजचे शब्दच वेगळे आहेत. 'आहे' पुस्तकीत 是 (सी), बोलीत 係 (हाय, हो, ऐकायला आपल्या 'हाय'सारखाच). 'नाही' पुस्तकीत 不 (पात), बोलीत 唔 (म्). 'चा-ची-चे' पुस्तकीत 的 (तिक), बोलीत 嘅 (के). 'तो' पुस्तकीत 他 (था), बोलीत 佢 (खोय). आणि काही ठिकाणी शब्दांचा क्रमही फिरतो, 'मी आधी निघतो' हे कागदावर 我先走 म्हणजे 'मी आधी निघतो' असंच, पण तोंडी 我走先, 'मी निघतो आधी'. त्यामुळे पुस्तकी मजकुरातली चार अक्षरं बदलली की बोली झाली असं होत नाही. वाक्य परत बोलून बघावं लागतं.

आता तुमचा मेसेज. एक खरा वाटेल असा घेऊ: आज पार्सल पोचलं नाही, उद्या दुपारी परत येईल, घरी नसाल तर रिप्लाय करा. पहिली ओळ पुस्तकी, दुसरी बोली.

```
你的包裹未能於今天送達,將於明天下午再次派送。如不在家,請回覆此訊息。
你個包裹今日送唔到,聽日下晝會再送。如果你唔喺屋企,覆返我哋吖。
```

'उद्या दुपारी' बघा, वर 明天下午 (मिंग-थिन हा-ङ), खाली 聽日下晝 (थिंग-यात हा-चाउ). 'घरी नसाल' वर 不在家 (पात चोय का), खाली 唔喺屋企 (म् हाय उक-खेय). अर्थ तोच, पण दुसरी ओळ वाचताना कोणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटतं, शेवटचं ते 吖 तर 'कळवा हं' मधल्या 'हं'सारखं आहे.

मग दुसरीच का नको? कारण हा मेसेज कोणी माणूस पाठवत नाहीये, सिस्टीम पाठवतेय. त्या घरात पार्सल घेणारी बाई कदाचित चार वर्षांपूर्वी मेनलँड चीनमधून आलेली असेल. 2021 च्या जनगणनेत पाच वर्षांवरच्या साधारण 88 टक्के लोकांची नेहमीची भाषा कॅन्टोनीज निघाली, म्हणजे उरलेले कमी असले तरी तुमच्या यादीत ते असणारच, आणि पुस्तकी चिनी यातल्या चिनी वाचणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बोलीचं स्पेलिंग ठरलेलं नाही. 'देणे' कोणी 畀 लिहितं कोणी 俾, 'येणे' कोणी 嚟 लिहितं कोणी 黎, 'काल' कोणी 尋日 कोणी 琴日, आणि 啲 (ती) हे अक्षर टाईप करायचा कंटाळा म्हणून नुसतं इंग्लिश D टाकणारेही खूप. मित्राला लिहिताना याने काही बिघडत नाही, पण तुमच्या चाळीस मेसेजमध्ये तीन ट्रान्सलेटरनी तीन स्पेलिंगं वापरली तर ते कंपनीचं काम वाटत नाही. आणि अनोळखी नंबरवरून एकदम बोलीत 'पार्सल आलंय हं' असा मेसेज आला की मी स्वतः आधी फसवणूक आहे का बघते.

पण कस्टमर उलटा रिप्लाय करतो तिथे गोष्ट बदलते. तो लिहिणार ते असं काहीतरी असणार:

```
我而家唔喺屋企,放低喺管理處得唔得?
```

म्हणजे मी आत्ता घरी नाहीये, बिल्डिंगच्या ऑफिसात ठेवलं तर चालेल का. शेवटचं 得唔得 (ताक म् ताक) म्हणजे आपलं 'चालेल का'. यावर तुमच्या माणसाने पुस्तकीत 'सदर पार्सल व्यवस्थापन कार्यालयात ठेवण्यात येईल' छापाचं उत्तर चिकटवलं तर कस्टमरला लगेच कळतं की माझा मेसेज कोणी वाचलाच नाही. तिथे साधं 得呀 (ताक आ), 'चालेल की', आणि पुढे बोलीतच एक ओळ. म्हणून चॅटवर बसणाऱ्यांना मी रेडी उत्तरं बोलीत लिहून देते आणि वर नियम सांगते की कस्टमरने पुस्तकीत सुरुवात केली तर तुम्हीही पुस्तकीत बोला, पहिला मान त्याचा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या दोन्हींची खिचडी झाल्यामुळे. जाणूनबुजून केलेली सरमिसळ वेगळी, हाँगकाँगच्या पेपरांत पूर्वी जुनी साहित्यिक चिनी, पुस्तकी आणि बोली अशा तिन्ही मिसळून लिहायची चांगली रीत होती, तिला साम-खाप-ताय म्हणतात. मी म्हणतेय ते नकळत होणारं. ट्रान्सलेटरने पुस्तकीत लिहिलं, मग कोणीतरी रिव्ह्यू करताना 'जरा फ्रेंडली करा' म्हटलं आणि त्याने 的 काढून 嘅 टाकलं, पण 'घरी नसाल'मधलं 不在家 तसंच राहिलं. हाँगकाँगच्या माणसाला ते मोठ्याने वाचताना अडखळायला होतं, कारण अर्ध्यात आवाज बदलतो. तुम्हाला चिनी येत नसलं तरी हे पकडता येतं. पुस्तकी म्हणून आलेल्या फाईलवर एवढं चालवा:

```
grep -n '[嘅咗喺佢冇啲嘢哋]' hk_written.srt
```

ही आठ अक्षरं आजच्या पुस्तकी चिनीत सहसा येत नाहीत, त्यामुळे ज्या ज्या ओळी बाहेर येतील त्या ट्रान्सलेटरला दाखवून विचारा. यात मी 係 मुद्दाम घातलं नाही, कारण 'संबंध' या अर्थाच्या 關係 या अगदी पुस्तकी शब्दात ते असतंच. उलट बाजूने, म्हणजे बोली फाईलीत पुस्तकी शब्द शोधायचे तर 的 आणि 不 शोधता येतात पण तिथे डोळे उघडे ठेवून. टॅक्सीला 的士 (तिक-सी) म्हणतात ते बोलीतच, 'पण' या अर्थाचं 不過 (पात-क्वो) बोलीत रोज येतं, आणि 是但 (सी-तान) म्हणजे 'काहीही चालेल', यात 是 असलं तरी शब्द अस्सल बोली. मी पाहिलंय की नवीन रिव्ह्यूअर अशा ठिकाणी बरोबर शब्द 'दुरुस्त' करून चुकीचा करतात.

आणखी एक, पुस्तकी म्हणजे तैपेईची किंवा बीजिंगची पुस्तकी नव्हे. हाँगकाँगच्या कागदावरही टॅक्सी 的士 आणि फ्रीज 雪櫃 (स्युत-क्वाय) असतो, तैवानसाठी केलेली फाईल तशीच वापरली तर तिथे दुसरेच शब्द दिसतील आणि वाचणाऱ्याला लगेच कळेल की हे आमच्यासाठी लिहिलेलं नाही.

आता सबटायटल्स, इथे बाहेरच्यांना सगळ्यात आश्चर्य वाटतं. हाँगकाँगच्या टीव्हीवर आणि सिनेमात माणसं कॅन्टोनीज बोलतात आणि खाली अक्षरं बहुतेक पुस्तकी चिनीची येतात. कान एक ऐकतो, डोळा दुसरं वाचतो. तिथली पिढ्यानपिढ्या लोकं हेच बघत मोठी झालीत, त्यांना यात काही खटकत नाही, आणि तोच सिनेमा तैवानला गेला की त्याच सबटायटल्सवर काम भागतं. त्यामुळे 'बोलतायत तेच लिहा' हा नियम इथे आपोआप लागू होत नाही.

पण पुस्तकीतही किती पायऱ्या आहेत हे ट्रान्सलेटरच्या लक्षात नसलं तर सीनचा जीव जातो. एक उदाहरण. दोन बहिणी भांडतायत, एक म्हणते 關你咩事呀 (क्वान नेय मे सी आ), 'तुला काय करायचंय!' माझ्याकडे एकदा तपासायला आलेल्या फाईलीत याचं सबटायटल होतं 與你無關, म्हणजे 'याचा तुझ्याशी संबंध नाही'. व्याकरणाने बरोबर, अक्षरं कमी, आणि वाचायला वकिलाच्या नोटिशीसारखं. मी ते 關你什麼事 केलं. बदललं फक्त 'काय' म्हणायचं अक्षर, 咩 च्या जागी पुस्तकी 什麼, आणि शेवटचं 呀 काढलं. क्रम तोच राहिला, कानावर पहिलं 關 पडतं तेव्हा डोळ्यालाही पहिलं 關 च दिसतं, आणि राग टिकला. पुस्तकी सबटायटल करायचं तर माझा आग्रह असतो की जिथे दोन्ही भाषांत चालणारी रचना सापडते तिथे तीच घ्या, जड शब्दांकडे जाऊ नका. एका ओळीत 16 अक्षरांच्या वर मी जात नाही, आणि जागा वाचवायच्या नादात जड जुन्या शब्दांकडे हात जातो, म्हणून हे जपावं लागतं.

मग बोलीत सबटायटल कधी? मी तीन वेळा हो म्हणते. कोटी किंवा शिवी त्या बोलीतल्या शब्दावरच उभी असेल तेव्हा, कारण पुस्तकीत ती उरतच नाही. ऐकू न येणाऱ्यांसाठी सबटायटल असेल तेव्हा, कारण बोलणारा नेमकं काय आणि कशा सुरात बोलला हे कळायचा त्यांचा तोच एक रस्ता आहे. आणि मोबाईलवरच्या छोट्या व्हिडिओत, जिथे कोणीतरी कॅमेऱ्यात बघून सरळ प्रेक्षकाशी बोलतं. मेट्रोत उभा राहून आवाज बंद ठेवून बघणाऱ्यासाठी ती अक्षरं म्हणजेच आवाज असतो, शेवटचं 啦 की 喎 की 囉 यावरून आग्रह आहे, की 'असं म्हणतात बाबा' आहे, की 'अजून काय' आहे हे कळतं. पुस्तकीत ही शेवटची अक्षरं जवळजवळ सगळी गळतात.

तुमच्या व्हिडिओत डिलिव्हरी करणारी मुलगी कॅमेऱ्यात बघून बोलत असेल आणि तो सोशल मीडियासाठी असेल तर बोली, तिचे शब्द जसेच्या तसे. तोच व्हिडिओ इंग्लिश आवाजात 'ॲप कसं वापरायचं' असं समजावणारा असेल तर पुस्तकी, कारण तिथे कॅन्टोनीज बोलणारं कोणी नाहीच, बोलीत लिहाल तर ते तोंड कुणाचं ते कळणार नाही. दोन्ही सबटायटल द्यायचं ठरलं तर फाईलींना नावं वेगळी द्या, पुस्तकीला `zh-Hant-HK` आणि बोलीला `yue-Hant-HK`. दोन्हींना `zh` लावून ठेवलं की प्लेअर त्यातली कुठलीही उचलतो आणि मग तक्रार येते की भाषा मध्येच बदलली.

बसस्टॉपच्या जाहिरातीला मी मनापासून बोली सुचवीन. माणूस चालता चालता एक नजर टाकतो, तेवढ्यात त्याच्या मनात आवाज उमटला पाहिजे. 'आज घ्या, उद्या पोचेल' हे दोन्हीत करून बघू.

```
今天訂購,明天送達
今日買,聽日到
```

पहिलं बरोबर आहे, कुठल्याही कुरिअरच्या फॉर्मवर शोभेल. दुसरं म्हणून बघा, काम-यात माय, थिंग-यात तोउ, तीन-तीन अक्षरं, मधला 'यात' दोन्हीकडे येतो आणि ओळ आपोआप तालात बसते. शिवाय यात नवख्याला अडेल असा शब्द एकच, 聽日, आणि तोही 今日 च्या शेजारी असल्याने मँडरिनवाल्यालाही अंदाज येतो. जाहिरातीतली बोली अशीच निवडावी, एक खूण पुरते, प्रत्येक शब्द ठेचून बोली करायची गरज नसते. खाली जे बारीक असणार, कुठल्या भागात उद्या पोचेल, किती वाजेपर्यंत ऑर्डर हवी, सुट्टीच्या दिवशी काय, ते सगळं पुस्तकीत. उद्या कोणी भांडायला आलं तर त्या ओळींवरच भांडणार, तिथे स्पेलिंगची किंवा सुराची ढिलाई नको. बँक किंवा हॉस्पिटलची जाहिरात असती तर मी मोठी ओळही बहुतेक पुस्तकीतच ठेवली असती, पार्सलच्या धंद्यात तो धोका नाही.

छपाईला जायच्या आधी डिझायनरकडून एक गोष्ट तपासून घ्या. बोलीची बरीच अक्षरं जुन्या चिनी कोडिंगमध्ये नव्हतीच, म्हणून हाँगकाँग सरकारने 1999 मध्ये पुरवणी अक्षरसंच काढला, त्याआधी लोक 嘢 हे अक्षर नसलं की इंग्लिश o आणि शेजारी 野 असं लिहून भागवायचे. आज कॉम्प्युटरवर सगळी अक्षरं आहेत पण तैवान किंवा मेनलँडसाठी बनवलेल्या सजावटीच्या फाँटमध्ये ती असतीलच असं नाही. तेव्हा ओळीतलं एकच अक्षर दुसऱ्या फाँटमधून येतं, थोडं बारीक किंवा थोडं खाली, स्क्रीनवर लहान दिसतं तेव्हा कळत नाही आणि सहा फुटी पोस्टरवर डोळ्यात खुपतं. 今日買,聽日到 मध्ये असलं कुठलं अक्षर नाही, हाही त्या ओळीचा फायदा.

हाच प्रकार मेसेजच्या डेटाबेसमध्ये जास्त महागात पडतो. मी काम करत होते अशा एका कंपनीत रायडरांसाठी बोलीत रेडी मेसेज केले होते, त्यातला एक होता 'लिफ्ट बंद पडलीय, थोडा उशीर होईल'. बोलीत लिफ्टला 𨋢 (लिप) म्हणतात, इंग्लिश शब्दावरूनच आलेला. हे अक्षर युनिकोडमध्ये नेहमीच्या पट्ट्याच्या बाहेर, U+282E2 वर आहे आणि त्याला चार बाइट लागतात. त्यांच्या MySQL चा टेबल `utf8` वर होता, ज्यात तीनच बाइट मावतात, त्यामुळे मेसेज बरोबर त्या अक्षराच्या आधी तुटायचा आणि कस्टमरला नुसतं एक अक्षर, 部, जायचं. दोन दिवस कोणाला कळेना की बाकी सगळे मेसेज ठीक आणि हाच का तुटतोय. टेबल `utf8mb4` केला आणि सुटलं. तुमचे आपोआप जाणारे मेसेज पुस्तकीत असतील तर तिथे लिफ्ट 升降機 होईल आणि हा प्रश्न येणार नाही, पण कस्टमर रिप्लायमध्ये 𨋢 लिहिणारच, म्हणून टेबल आत्ताच बघून घ्या. एसएमएस पाठवणार असाल तर चिनीत एका मेसेजला 70 अक्षरं मिळतात आणि 𨋢 त्यात दोन धरलं जातं.

ट्रान्सलेशनवाल्यांना कळवताना 'कॅन्टोनीज' किंवा 'चायनीज' एवढंच लिहू नका, प्रत्येक फाईलपुढे लिहा: सिस्टीम मेसेज आणि अटी, हाँगकाँगची 書面語, चॅटची उत्तरं आणि जाहिरातीची मोठी ओळ, 口語. व्हिडिओपुढे आत्ता जागा मोकळी सोडा आणि त्यांना शूटिंगची स्क्रिप्ट पाठवा, कोण बोलतंय ते बघून मग ठरवा.